फोटोतली कोरियन पाटी दरवेळी वेगळंच सांगते? आधी शब्दांमधली जागा तपासा

तक्रार नेहमीची आहे. कोरियातल्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर फोन धरला की भाषांतरात एक अर्थ येतो, फोन जरा तिरका केला की दुसरा येतो, आणि तीच अक्षरं हाताने टाइप केली की तिसराच. पाटी तर बदललेली नसते. मग माणूस फोटो पुन्हा काढतो, जवळ जाऊन काढतो, उजेड बदलून काढतो, आणि चौथा अर्थ हाती येतो.

बहुतेक वेळा दोष फोटोचा नसतो आणि अक्षरओळखीचाही नसतो. अक्षरं बरोबर ओळखलेली असतात. चुकते ती शब्द कुठे संपला याची समजूत. हांगुल लिपीत प्रत्येक अक्षर म्हणजे एक चौकोनी ठोकळा असतो, आणि पाटीवर हे ठोकळे बहुधा सारख्या अंतरावर बसवलेले असतात. त्यातला कुठला ठोकळा आधीच्या नामाला चिकटलेला प्रत्यय आहे आणि कुठला पुढच्या शब्दाची सुरुवात, हे अक्षरांकडे नुसतं बघून कळत नाही.

नमुन्यासाठी ही एक पाटी घ्या. रचलेली मीच आहे, पण दुकानांची नावं या धाटणीची असतात:

어머니가죽을쑤는집

उच्चार साधारण ‘ऑमॉनी गा जुगुल स्सुनुन जिप’. दुकानाच्या भिंतीतून बाहेर आलेल्या उभ्या पाटीवर हे नऊ ठोकळे एकाखाली एक, सारख्या अंतराने लावलेत असं समजा. फोनला यातून निदान तीन अर्थ मिळू शकतात:

어머니가 죽을 쑤는 집: आई पेज शिजवते ते घर.

어머니 가죽을 쑤는 집: आईचं कातडं शिजवणारं घर.

어머니가 죽을 …: आई मरणार आहे असं काहीतरी घर.

पेजेच्या दुकानासमोर उभं राहून स्क्रीनवर दुसरा किंवा तिसरा अर्थ वाचला तर माणूस आत जाणार नाही, हे उघडच आहे.

## असं का होतं

कोरियन लेखनात शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत लिपीइतकी जुनी नाही. राजा सेजोंगने लिपी तयार केली 1443 मध्ये आणि जाहीर केली 1446 मध्ये. त्यानंतर कित्येक शतकं मजकूर सलगच लिहिला जात होता. 1896 मध्ये सुरू झालेल्या 독립신문 (तोंग्निप शिनमुन) या वर्तमानपत्राने निव्वळ हांगुलमध्ये आणि शब्द तोडून छापायला सुरुवात केली, आणि 1933 च्या शुद्धलेखन नियमांनी ती पद्धत पक्की केली. जागा सोडण्याला कोरियनमध्ये 띄어쓰기 (त्तिऑस्सुगी) म्हणतात. शिकलेल्या कोरियन माणसालाही त्यात अडखळायला होतं, तेव्हा आपण अडखळलो तर लाजायचं कारण नाही.

आजचे नियम समजायला मराठी माणसाला सोपे आहेत. प्रत्येक शब्द सुटा लिहायचा, पण प्रत्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहायचा. हिंदीत ‘घर में’ तोडून लिहितात, आपण ‘घरात’ जोडून लिहितो. कोरियन या बाबतीत आपल्या बाजूची. ‘ला’, ‘पासून’, ‘पर्यंत’ जसे आपण शब्दाला जोडतो, तसेच 에, 부터, 까지 तिथे जोडले जातात. म्हणजे नीट लिहिलेल्या कोरियन वाक्यात जागा दिसली की नवा शब्द सुरू झाला असं समजायचं, आणि जागेच्या आधीचं शेवटचं अक्षर बऱ्याचदा प्रत्यय निघतो.

जागेची किंमत मुलांना पटवण्यासाठी कोरियात एक वाक्य ठरलेलं आहे: 아버지가방에들어가신다. ते 아버지가 방에 असं तोडलं तर ‘बाबा खोलीत जातात’, आणि 아버지 가방에 असं तोडलं तर बाबांच्या बॅगेत कोणीतरी शिरतं. सगळा फरक एका 가 या अक्षराचा. ते आधीच्या नामाला चिकटलं तर कर्त्याचा प्रत्यय, पुढच्या 방 ला चिकटलं तर बॅग. आपल्या पेजेच्या पाटीतही नेमकं हेच 가 गोंधळ घालतंय.

पाटीवर मात्र हा नियम पाळला जाईलच असं नाही, आणि त्यात दरवेळी चूकही नसते. विशेषनामं सलग लिहायची मुभा नियमांतच दिलेली आहे. ‘दुकान सुरू आहे’ हे नियमाने 영업 중 असं तोडून लिहायला हवं, पण दारांवर 영업중 असंच सर्रास दिसतं. शिवाय पाटी रंगवणाऱ्याला जागा भरायची असते. रुंदी कमी पडली की तो मोकळी जागा आधी खातो. रुंदी जास्त झाली की अक्षरं फाकवतो, आणि मग प्रत्येक अक्षर सुटं दिसतं. दोन ओळींत बसवताना ओळ कुठे तुटेल तेही सांगता येत नाही. म्हणून ओळ तुटली म्हणजे शब्द संपला, असं धरून चालायचं नाही. फोन मात्र नेमकं तेच धरून चालतो. त्याला दिसलेलं अंतर तो शब्दांमधली जागा समजतो आणि प्रत्येक ओळ वेगळं वाक्य समजून भाषांतराला देतो. फोन तिरका केला की ठोकळ्यांमधली अंतरं बदलतात, आणि अर्थही बदलतो.

## दुरुस्ती: आधी सगळ्या जागा काढून टाका

फोनने वाचलेल्या मजकुरावर थेट विश्वास ठेवू नका. तो कॉपी करा, सगळ्या मोकळ्या जागा आणि ओळी काढून एकच सलग माळ करा, आणि ती फोटोशी एकेक ठोकळा लावून ताडून बघा. फोनवर कोरियन कीबोर्ड असेल तर हातानेच टाइप केलेलं उत्तम, कारण टाइप करताना प्रत्येक ठोकळ्याच्या तळाकडे आपोआप लक्ष जातं.

आता फोटोकडे परत या आणि अक्षरांऐवजी रंगकामाकडे बघा. दर्शनी भागावरची मोठी पाटी दिसत असेल तर तिच्यावर सगळे ठोकळे सारख्या आकाराचे आहेत का? कोरियन पाट्यांवर प्रत्यय पुष्कळदा बारीक काढतात आणि मुख्य शब्द मोठा, कधी वेगळ्या रंगात. आपल्या पाटीच्या दर्शनी भागावर 죽 एकटंच दुप्पट मोठं आणि लाल असेल, आणि 가 व 을 बारीक असतील, तर पाटी रंगवणाऱ्याने कोडं सोडवूनच दिलेलं आहे: 가 हा प्रत्यय, 죽 हा शब्द, 을 पुन्हा प्रत्यय. याच कारणासाठी फोटो नुसत्या नावाचा काढू नये. पूर्ण दर्शनी भाग, काचेवरचे पदार्थ, जमल्यास दारातला दरफलक, सगळं एका फोटोत यायला हवं. काचेवर 전복죽, 호박죽, 팥죽 असं दिसलं की शोध तिथेच संपतो, कारण त्या अबालोन शिंपल्याच्या, लाल भोपळ्याच्या आणि लाल चवळीसारख्या दाण्यांच्या पेजा आहेत.

पण समजा फोटोत फक्त उभी पाटीच आहे. मग व्याकरणाकडे वळावं लागेल, आणि तिथे एक चाचणी फार कामाची आहे.

## तळाच्या व्यंजनाची चाचणी

हांगुलच्या ठोकळ्यात आधी व्यंजन, मग स्वर, आणि कधीकधी तळाशी आणखी एक व्यंजन असतं. त्या तळाच्या व्यंजनाला 받침 (पात्छिम) म्हणतात. 니 च्या तळाशी काही नाही. 죽 च्या तळाशी ㄱ आहे. नेहमीचे प्रत्यय जोडीने येतात आणि त्यांतला कुठला लागेल ते आधीच्या ठोकळ्याचा तळ ठरवतो:

तळ मोकळा असेल तर 가, 는, 를, 와.

तळाशी व्यंजन असेल तर 이, 은, 을, 과.

हा नियम ऐच्छिक नाही. पाटीवरही तो मोडत नाहीत. म्हणून ज्या ठोकळ्यावर प्रत्यय असल्याचा संशय आहे, त्याच्या आधीच्या ठोकळ्याचा तळ बघा. जोडी जमत नसेल तर तो प्रत्यय नव्हेच, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर आहे.

आपल्या पाटीला ही चाचणी लावू. 가 च्या आधी 니 आहे, तळ मोकळा. म्हणजे 가 हा प्रत्यय असू शकतो. पण असलाच पाहिजे असं नाही, कारण 가죽 (कातडं) हाही शब्द आहेच. चाचणी इथे निकाल देत नाही. 을 च्या आधी 죽, तळाशी ㄱ. कर्माचा प्रत्यय म्हणून 을 बरोबर बसतो. ‘पेजेला’ असो की ‘कातड्याला’, शेवटी 죽 च असल्याने दोन्हीकडे बसतो. मग येतं 쑤는. यातलं 는 बघून फसायला होतं, कारण 쑤 चा तळ मोकळा आहे आणि 는 जोडी म्हणून जमतो. पण 쑤 हे नाम नाही, 쑤다 या क्रियापदाचं मूळ आहे, आणि इथलं 는 म्हणजे आपल्या ‘शिजवणारा’मधल्या ‘णारा’सारखा भाग. ओळखायची खूण अशी की त्याच्या पाठोपाठ 집 हे नाम येतं आणि त्या नामाचं वर्णन चाललेलं असतं.

आता समजा पाटीवर 어머니 ऐवजी 어멈 असतं: 어멈가죽. 멈 च्या तळाशी ㅁ आहे, म्हणून कर्त्याचा प्रत्यय 이 लागला असता, 가 नाही. तिथे 가 पुढच्या शब्दाचाच, आणि दुकान कातड्याचं. एका ठोकळ्याच्या तळाने पेजेचं दुकान चपलांच्या दुकानात बदललं.

## निकाल क्रियापद देतं

चाचणीने तीनपैकी एकही अर्थ बाद केला नाही, तेव्हा माळेच्या शेवटाकडून वाचायला लागा. कोरियनमध्ये क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं आणि आधीच्या सगळ्याला तेच बांधून ठेवतं. 쑤는 हे रूप शब्दकोशात सापडणार नाही. मूळ रूप 쑤다 शोधा. 국립국어원 या राष्ट्रीय भाषासंस्थेचा 표준국어대사전 हा शब्दकोश ऑनलाइन फुकट बघता येतो. तिथे 쑤다 म्हणजे धान्याचे दाणे किंवा पीठ पाण्यात उकळून शिजवणं. या क्रियापदाचा संसार लहान आहे: पेज, खळ, आंबवायचे सोयाबीन अशा मोजक्याच गोष्टींवर ते चालतं. भात, मटण, चहा यांना ते लागत नाही. कातड्याला तर नाहीच. दुसरा अर्थ इथे बाद.

तिसरा अर्थ थोडा चिवट आहे. 죽을 म्हणजे ‘पेजेला’ आणि 죽을 म्हणजेच ‘मरणार असलेला’, कारण ‘मरणे’ला 죽다 म्हणतात आणि त्याचं भविष्यकाळी विशेषण हुबेहूब तसंच लिहिलं जातं. दोन्हीकडे जागाही सारखीच पडते, त्यामुळे शब्द बरोबर तोडूनसुद्धा फोन आईला मारू शकतो. इथेही 쑤다 सोडवतं. ते सकर्मक आहे, त्याला शिजवायला काहीतरी लागतं. 죽을 ला ‘मरणार’ म्हटलं तर 쑤다 समोर शिजवायला काहीच उरत नाही. ‘पेज’ म्हटलं की कर्ता 어머니가, कर्म 죽을, क्रिया 쑤는, आणि शेवटी 집. माळेतला एकही ठोकळा शिल्लक राहत नाही. तोडणी बरोबर जमल्याची खूण हीच: काही उरत नाही आणि क्रियापद उपाशी राहत नाही.

집 बद्दल एक. घर हा अर्थ खराच, पण बाजारात तो दुकानासाठी चालतो: 빵집 बेकरी, 꽃집 फुलवाला, 술집 बसून दारू प्यायचा बार. म्हणून शेवटचं भाषांतर ‘आई पेज शिजवते ते ठिकाण’ असं सैल ठेवलेलं बरं. जाता जाता हेही लक्षात असू द्या की 큰집 जोडून लिहिलं तर थोरल्या भावाचं घर, कुटुंबातलं मुख्य घर. 큰 집 तोडून लिहिलं तर नुसतं मोठं घर. पाटीवर जागा खाल्ली गेली असेल तर दोन्हींपैकी कुठलं, ते अक्षरं सांगणार नाहीत.

## दारावरच्या कागदी सूचना

दुकानाचं नाव चुकलं तर फार तर हसू येतं. काचेवर चिकटवलेल्या कागदाचा अर्थ चुकला तर जेवण हुकतं. तिथे गडबड करणारे प्रत्यय एका अक्षराचे असतात. मराठीत ‘च’ आणि ‘ही’ जे काम करतात, ते कोरियनमध्ये 만 आणि 도 करतात. 포장 म्हणजे बांधून नेणं, आपलं पार्सल. आता ही तीन वाक्यं बघा:

포장만 가능합니다: पार्सलच मिळेल.

포장도 가능합니다: पार्सलही मिळेल.

포장은 가능합니다: पार्सल तर मिळेल.

पहिल्यात आत बसायची सोय नाही. दुसऱ्यात आहे. तिसरं थोडं आडून बोलतं: 은 पार्सलला बाजूला काढून दाखवतं, आणि बाकीच्या गोष्टीचं सांगता येत नाही असा सूर लावतं. फोनचं भाषांतर या तिघांनाही पुष्कळदा ‘पार्सल उपलब्ध’ एवढ्यावर आणून ठेवतं. म्हणून सूचनेच्या फोटोत आधी नामाला चिकटलेलं ते एक अक्षर शोधा, बाकी मजकूर मग. सुट्टीच्या सूचनांतही असंच: 월요일은 쉽니다 म्हणजे सोमवारी बंद, 월요일만 쉽니다 म्हणजे फक्त सोमवारीच बंद, 월요일도 쉽니다 म्हणजे सोमवारीही बंद, आणि 월요일도 영업합니다 म्हणजे सोमवारीही चालू. यात 쉽니다 चं भाषांतर ‘सोपं आहे’ असं आलं तर घाबरू नका. ते 쉬다 (विश्रांती घेणे) चं रूप आहे. ‘सोपं’ 쉽다 चं असतं तर 쉽습니다 झालं असतं.

만 चा आणखी एक त्रास आहे. फोनने ते नामापासून तोडलं की एकटं 만 म्हणजे ‘दहा हजार’ होतं, आणि भाषांतरात कुठून तरी 10,000 उगवतात. सूचनेत किंमत नसताना 10,000 दिसले तर बहुतेक वेळा हा तुटलेला ‘च’ समजायचा. शिवाय कालावधीनंतर येणारं सुटं 만 वेगळंच आहे: 3일 만에 म्हणजे तीन दिवसांनी. 3일만 쉽니다 मात्र ‘तीनच दिवस बंद’ किंवा ‘फक्त तीन तारखेला बंद’. जागा पुसली गेली असेल तर 만 च्या लगेच पुढे 에 आहे का बघा. 만에 असेल तर ‘नंतर’, नुसतं 만 असेल तर ‘च’. दिवस की तारीख, हे मात्र 만 सांगत नाही. त्यासाठी आधी महिना (월) लिहिलाय का, किंवा 3일간 (तीन दिवसांकरता) असं आहे का, ते शोधा.

밖에 चीही अशीच जोडी आहे. सुटं 밖에 म्हणजे ‘बाहेर’, नामाला जोडलेलं 밖에 म्हणजे ‘शिवाय’, आणि त्याच्या पाठी नकार येतोच. 화장실은밖에있습니다 असं सलग लिहिलं तरी शेवटी 있습니다 (आहे) असल्याने अर्थ एकच: स्वच्छतागृह बाहेर आहे. 현금밖에안받습니다 मध्ये शेवटी नकार आहे: रोख रकमेशिवाय काही घेत नाही. होकार असेल तर ‘बाहेर’ हे पक्कं. नकार असेल तर दोन्ही शक्य, आणि तिथे नाम कसलं आहे ते बघून ठरवायचं. रोख पैसे बाहेर उभे राहत नाहीत.

## अक्षरच चुकलं असेल तर

आतापर्यंत अक्षरं बरोबर धरली. पण तळाचं व्यंजन ठोकळ्यात सगळ्यात दाबलेलं असतं, आणि फोटोत पहिलं तेच मरतं. गल्लीत भिंतीवर किंवा शंकूवर नेहमी दिसणारी सूचना घ्या:

가게앞주차금지

नीट तोडलं तर 가게 앞 주차 금지: दुकानासमोर गाडी लावू नये. आता ऊन पाटीच्या खालच्या बाजूवर पडलंय आणि 앞 च्या तळाचा ㅍ अर्धा पुसला गेलाय. फोन तिथे 안 वाचतो. 가게안주차금지. चूक एका अक्षराची, पण पुढे ती पसरत जाते, कारण 안 च्या लगेच पुढे 주 आहे, आणि 안주 म्हणजे दारूबरोबर खायचा चखणा. फोन आनंदाने 안주 उचलतो, 차 एकटी पडते, तिला ‘चहा’ किंवा ‘गाडी’ ठरवलं जातं, आणि ‘दुकानाचा चखणा चहा मनाई’ असं काहीतरी हाती येतं.

दुरुस्ती उलट्या दिशेने करा. 금지 म्हणजे मनाई, हे पाटीवर नक्की दिसतंय. कशाला मनाई करतात? 주차금지 (गाडी लावणे), 흡연금지 (धूम्रपान), 출입금지 (प्रवेश) हे ठरलेले गठ्ठे आहेत. 금지 च्या आधीची दोन अक्षरं 주차 असतील तर तो गठ्ठा तोडायचा नाही. मग उरतं 가게안. ‘दुकानाच्या आत गाडी लावू नये’ असं कोणी लिहीत नाही. म्हणून तो एक ठोकळा मोठा करून त्याच्या तळाशी एक आडवी रेघ आहे की दोन, ते बघा. दोन असतील तर ㅍ.

안 बरोबर वाचलेलं असेल तर त्याचे दोन अर्थ असतात, आणि ते ओळखणं सोपं आहे. त्याच्या लगेच पुढे क्रियापद असेल तर ‘नाही’, जसं 카드안됩니다: कार्ड चालत नाही. पुढे नाम असेल तर ‘आत’, जसं 매장안흡연금지: दुकानात धूम्रपान मनाई.

## चाचणी जिथे थांबते

रस्त्यांच्या नावांत 로 हा मोठा गोंधळी आहे. प्रत्यय म्हणून 로 चा अर्थ ‘कडे’, आणि नावाच्या शेवटी तोच रस्ता. निळ्या पत्तापाटीवर किंवा दुकानाच्या नावात 종로 दिसलं तर तळाची चाचणी लगेच निकाल देते: 종 च्या तळाशी ㅇ आहे, प्रत्यय असता तर 종으로 झालं असतं. म्हणजे इथे 로 रस्ताच.

पण ㄹ हा अपवाद आहे. तळाशी ㄹ असेल तरी प्रत्यय नुसता 로 च लागतो, 으로 नाही. त्यामुळे 서울로 ‘सोलकडे’ही आणि ‘सोल रस्ता’ही. सोल स्टेशनजवळचा 1970 मधला उड्डाणपूल 2017 मध्ये पादचारी मार्ग म्हणून उघडला तेव्हा त्याचं नाव 서울로 7017 ठेवलं, ते दोन्ही अर्थ हवे होते म्हणूनच. तिथे एकच बरोबर तोडणी शोधत बसलात तर दिवस जाईल. दुकानदारही हे मुद्दाम करतात: प्रत्यय आणि शब्द एकमेकांत अडकतील असं नाव ठेवतात, आणि जागा जाणूनबुजून सोडत नाहीत. सगळ्या चाचण्या लावूनही दोन अर्थ शिल्लक राहिले, दोन्हीत काही उरत नाही आणि दोन्ही त्या दुकानाला शोभतात, तर तो श्लेष समजून दोन्ही लिहून ठेवा.

एवढं करूनही अडलंच तर कोरियन ओळखीच्या माणसाला विचारा, पण ‘याचा अर्थ काय’ असं विचारू नका. पेजेच्या पाटीला तो हसून ‘पेजेचं दुकान’ म्हणेल, आणि पुढची पाटी आली की तुम्ही पुन्हा तिथेच. त्याला सलग माळ दाखवा आणि विचारा: 어디서 띄어 읽어요? म्हणजे ‘कुठे तोडून वाचायचं?’ कोरियन लोक जिथे जागा हवी तिथे ∨ अशी खूण करतात. त्या खुणा करून घेतल्या की उरलेलं भाषांतर फोनलाही जमतं.